यादीतून काढलेला प्रश्न

अर्थशास्त्र विभागात एक रीत होती. कुणाला बाहेरच्या लोकांपुढे सादरीकरण करायचं असलं, की दोन दिवस आधी विभागातल्याच एकाने त्याचा अहवाल वाचायचा, त्यात जिथे जिथे म्हणून पाय घसरू शकतो तिथले प्रश्न काढायचे आणि यादी त्याच्या हातात ठेवायची. याला सगळे 'चाळणी' म्हणत. घरच्यांनी आधी सोलून घेतलं म्हणजे बाहेरचे सोलत नाहीत, असा साधा हिशेब. आणि चाळणी करणाऱ्याने भर सभेत नवा प्रश्न काढायचा नाही. तिथेच, बसल्या बसल्या सुचला तर गोष्ट वेगळी.

चाळणीत बाईंचा हात धरणारं कुणी नव्हतं. एकोणीस वर्षं त्या या विभागात होत्या. विद्यार्थी त्यांना बाई म्हणत, शिपाई बाई म्हणत, विभागप्रमुख वयाने मोठे असून तेही बाईच म्हणत. बाईंच्या चाळणीतून गेलेला माणूस बाहेर कुठे पडत नाही, असा त्यांचा लौकिक. आता लौकिक असला की माणूस सुखी असतो असं तुम्हाला वाटत असेल, तर तुम्ही बाईंना भेटला नाहीत.

या खेपेला यादी करायची होती ती त्यांच्या भावजयीसाठी.

होय, सख्ख्या धाकट्या भावाची बायको. मुळात ती बाईंचीच विद्यार्थिनी. पहिल्या बाकावर बसायची, तासाला दहा प्रश्न विचारायची. बाईंनीच तिला घरी जेवायला बोलावलं, बाईंनीच भावाशी ओळख करून दिली आणि पुढे विभागात दोन वर्षांच्या कराराची जागा निघाली तेव्हा शब्दही बाईंनीच टाकला. आपल्याच हाताने आपल्याच पायावर धोंडा मारून घेतला, असं त्या आता आरशात बघून म्हणत. मोठ्याने नाही. मोठ्याने म्हणायला माणूस वेडा असावा लागतो.

बाईंचं नाव झालं होतं ते एका प्रयोगाने. पंधरा वर्षांपूर्वी त्यांनी प्रयोगशाळेत लाकडी खोकी बांधून घेतली होती, एकेका विद्यार्थ्याला बसता येईल एवढी. आत बसलेल्याला एकच कागद मिळायचा. अर्ध्यांच्या कागदावर लिहिलेलं, 'ही योजना घेतलीत तर इतके पैसे वाचतील.' उरलेल्या अर्ध्यांच्या कागदावर, 'ही योजना घेतली नाहीत तर इतके पैसे जातील.' रक्कम तीच, योजना तीच, फक्त मांडणी वेगळी. आणि 'जातील' वाचणाऱ्यांपैकी शंभरात बावीस जण जास्त 'हो' म्हणाले. माणसाला मिळालेल्याचा आनंद कमी आणि गेल्याचं दुःख जास्त, हे बाईंनी त्या खोक्यांमध्ये आकड्यांनिशी दाखवलं. त्या बावीसवर त्यांनी पंधरा वर्षं व्याख्यानं दिली.

आणि भावजयीने काय केलं? तोच प्रयोग उचलला आणि खऱ्या बाजारात नेऊन ठेवला.

वीज कंपनीला लोकांनी दुहेरी दराची योजना घ्यावी असं वाटत होतं. संध्याकाळी वीज महाग, दुपारी आणि रात्री स्वस्त. लोकांनी कपडे धुण्याचं यंत्र संध्याकाळऐवजी दुपारी लावावं, एवढीच अपेक्षा. भावजयीने आठ हजार घरं घेतली आणि चिठ्ठ्या टाकून त्यांचे चार भाग केले. दोन हजार घरांना पत्र गेलं, 'योजनेत या, वर्षाला नऊशे वाचतील.' दोन हजारांना गेलं, 'योजनेत नाही, म्हणून वर्षाला नऊशे गमावता आहात.' तिसऱ्या दोन हजारांना, 'आम्ही तुम्हाला योजनेत घेतलं आहे, नको असेल तर कळवा.' आणि चौथ्या दोन हजारांना काहीच नाही, तुलनेसाठी.

'वाचतील' वाचून शंभरात सहा घरं आली. 'गमावता आहात' वाचून साडेसात. म्हणजे बाईंच्या बावीसचं बाजारात दीड झालं, तेही जेमतेम, आणि एवढा फरक नुसत्या योगायोगानेही पडू शकतो. उलट ज्यांना न विचारता आत घेतलं होतं, त्यांच्यातली शंभरात अठ्ठ्याऐंशी घरं आतच राहिली. आणि नुसती नावाला नाही, तर त्या दोन हजार घरांचा मिळून संध्याकाळचा वापर खरोखर तीन टक्क्यांनी उतरला, बाहेर पडलेली घरं धरूनसुद्धा.

याला विभागात 'नज' म्हणत. कोपराने हळूच ढोसायचं, सक्ती करायची नाही, दार उघडंच ठेवायचं. सासवा हे पिढ्यान्‌पिढ्या फुकट करत आल्या आहेत, पण त्यांना कुणी अनुदान दिलं नाही.

तर मंगळवारी बाई आपल्या खोलीत अहवाल वाचत होत्या आणि पानागणिक त्यांच्या अंगाचा तिळपापड होत होता. चांगला लिहिला होता, हीच तर पंचाईत. वाईट असता तर त्यांनी प्रेमाने दुरुस्त केला असता. बाराव्या पानावर त्यांच्या प्रयोगाचा उल्लेख होता. 'या क्षेत्रातला पायाभूत प्रयोग' म्हटलं होतं आणि लगेच पुढच्या वाक्यात 'तथापि' होतं. त्या 'तथापि'कडे बाईंनी इतका वेळ पाहिलं की चहावर साय धरली.

शनिवारचं जेवण त्यांना आठवलं. भाऊ-भावजय खालच्या मजल्यावर राहत, आई त्यांच्याकडेच. फ्रिजच्या दारावर वर्तमानपत्राचं कात्रण लावलेलं होतं, 'तरुण संशोधिकेचा वीजबचतीचा मंत्र', सोबत फोटो. त्या जागी आधी बाईंचा पदवीदानाचा फोटो होता.

"तो फोटो कुठे गेला गं?" बाईंनी सहज विचारल्यासारखं विचारलं होतं.

"आहे ना, खणात नीट ठेवलाय," आई म्हणाली. "सूनबाईचं नाव पेपरात आलंय, वाचलंस का? काय हुशार पोर आहे! शिकवलंस तूच म्हणा."

शिकवलंस तूच म्हणा! पाठ थोपटून पायरीवरून ढकलावं, तसं ते 'म्हणा' बाईंना लागलं होतं. तीन दिवस झाले तरी उतरलं नव्हतं.

आणि मग सव्विसाव्या पानावरच्या तळटीपेत त्यांना देवच भेटला.

तळटीप अगदी साधी होती. 'कोणत्या घराला कोणतं पत्र जाईल हे घरागणिक चिठ्ठी टाकून ठरवलं.' घरागणिक. इमारतीगणिक नाही, रस्त्यागणिक नाही. म्हणजे एकाच जिन्यावर, समोरासमोरच्या दारांत, एकाला 'वाचतील' आणि दुसऱ्याला 'गमावता आहात'. आणि शेजारी काय करतात? शेजारी बोलतात! पत्रं एकमेकांना दाखवतात. दोन्ही कागद शेजारी ठेवले, की कुठल्याही शहाण्याला कळतं की नऊशे ते नऊशेच, नुसती शब्दांची करामत आहे. मांडणीची जादू एकच कागद समोर असेपर्यंत. म्हणून तर बाईंनी खोकी बांधली होती!

बाई खुर्चीतून उठल्या. मनात आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या. बावीसचं दीड झालं नव्हतंच. शेजाऱ्यांच्या गप्पांनी ते धुऊन काढलं होतं, आणि या पोरीने ते तपासलंसुद्धा नव्हतं. आपण शिकवलेली, आपल्या वर्गात पहिल्या बाकावर बसलेली, आणि नेमकं हेच विसरली.

त्यांनी यादीत प्रश्न लिहिला. क्रमांक बारा. 'एकाच इमारतीत वेगवेगळी पत्रं गेली. लोकांनी ती ताडून पाहिली नाहीत, हे कशावरून?'

बराच वेळ त्या तो प्रश्न वाचत बसल्या. ही यादी उद्या तिच्या हातात पडली की काय होणार? पोरगी हुशार, दोन दिवस हाताशी. काहीतरी शोधून काढेल, शुक्रवारी वीज कंपनीसमोर हसत उत्तर देईल आणि साहेबलोक माना डोलावतील. म्हणजे आपण शोधलेल्या भोकाला आपणच ठिगळ पुरवायचं. आणि वर आई म्हणणार, शिकवलंस तूच म्हणा.

बाईंनी बारावा प्रश्न यादीतून काढला आणि वेगळ्या कागदावर लिहून पर्समध्ये ठेवला.

बुधवारी अकरा प्रश्नांची यादी भावजयीच्या टेबलावर गेली. प्रश्न खोटे नव्हते हो. बाईंना खोटं काम जमतच नसे. न विचारता आत घेतलं ते लोकांना पसंत होतं की नुसता आळस होता? सहा महिन्यांनी सवय टिकली का? ज्या म्हाताऱ्यांना संध्याकाळीच वीज लागते त्यांचं बिल वाढलं का? वाढलं असेल, तर त्यांना हे ढोसणं योग्य का? एकेक प्रश्न घामटं काढणारा. फक्त सगळ्यात मोठा त्यात नव्हता.

भावजय यादी घेऊन धावतच खोलीत आली. "वन्सं, मारलंत की हो मला!" ती हसली. चेष्टेत असली की ती बाईंना वन्सं म्हणे, एरवी ताई. "सातव्याचं उत्तर नाहीये माझ्याकडे. म्हाताऱ्यांचं बिल वेगळं काढलंच नाही मी. आज बसते."

"बस," बाई म्हणाल्या.

"आणखी काही आहे का? सुटलेलं?"

बाईंनी चष्मा पुसायला घेतला. "अकरा पुरेत की. जीव घेऊ का तुझा?"

"घ्या हो, तुमचाच आहे," ती म्हणाली आणि गेली. दारात वळून पुन्हा म्हणाली, "ताई, ही मुदतवाढ मिळाली ना, तर खरंच... महिनाअखेर करार संपतोय. कंपनीने योजना उचलली तरच पुढची दोन वर्षं. नाहीतर घरी बसून तुमच्या भावाचं डोकं खायचं."

हे बाईंना ठाऊक नव्हतं असं नाही. पण ती गेल्यावर त्यांच्या मनात आलं ते असं : माझ्या पंधरा वर्षांवर 'तथापि' लिहिलंस, तेव्हा माझ्या पोटाचा विचार केला होतास का गं?

शुक्रवारी सकाळी सभागृहात पंचवीसएक माणसं होती. पहिल्या रांगेत वीज कंपनीचे साहेब, त्यांच्या शेजारी कंपनीच्या तक्रार खिडकीवर बसणाऱ्या एक बाई (साहेब म्हणाले होते, ग्राहकाशी रोज बोलणारं कुणीतरी हवं), मागे विभागातले सगळे. भावजय निळ्या कुडत्यात उभी होती. अकराच्या अकरा प्रश्नांची उत्तरं तिने सादरीकरणातच घेतली होती. म्हाताऱ्यांच्या बिलांचा वेगळा तक्ता दोन दिवसांत करून आणला होता. शंभरातल्या चौघांचं बिल वाढलं होतं, ते तिने न लपवता सांगितलं आणि त्यांना आपोआप बाहेर काढायची सोयही सुचवली. साहेब खूश दिसत होते. विभागप्रमुख बाईंकडे वळून हळूच म्हणाले, "चाळणी कुणाची आहे ते कळतंय."

ते ऐकून बाईंना आनंद व्हायला हवा होता. नाही झाला. नाकाला मिरच्या झोंबल्या.

मग साहेबांनी विचारलं, "प्रयोगशाळेत इतका फरक, आणि आमच्या ग्राहकांत दीड टक्का. का बरं?"

"प्रयोगशाळेत माणूस एकटा असतो, सगळं लक्ष कागदावर असतं," भावजय म्हणाली. "घरी पत्र येतं तेव्हा दूध उतू जात असतं, पोरगं रडत असतं. शब्दांकडे लक्ष कोण देतो? म्हणून बाजारात मांडणी फारशी चालत नाही, पण आधीच आत घेतलेलं चालतं, कारण त्याला लक्ष लागतच नाही."

सगळे हसले, दूध उतू जाण्याला. बाईंचा हात वर गेला.

विभागप्रमुखांनी भुवई उंचावली. "बाई? तुम्ही?"

"आत्ताच सुचलं," बाई म्हणाल्या. आवाज अगदी थंड होता. "पत्रं घरागणिक वाटली आहेत. एकाच जिन्यावर दोन तऱ्हेची पत्रं गेली. शेजाऱ्यांनी ती ताडून पाहिली नाहीत, हे कशावरून? पाहिली असतील, तर तुमचा दीड टक्का मांडणीबद्दल काहीच सांगत नाही. तो नुसता शेजाऱ्यांच्या गप्पांबद्दल सांगतो."

भावजयीच्या चेहऱ्यावरचं हसू तिथेच थांबलं. तिने मागच्या पडद्याकडे पाहिलं, हातातल्या कागदांकडे पाहिलं. "मी... हे तपासलेलं नाही," ती म्हणाली.

"ताडून पाहिली? अहो, दोन-दोन पत्रं हातात घेऊन माझ्या खिडकीवर यायचे लोक," तक्रार खिडकीच्या बाई मध्येच बोलल्या. "यांना वाचतात म्हणता, मला गमावतोय म्हणता, काय थट्टा लावलीय? एका जिन्यावरचे तर पाच जण एकदमच आले होते."

सभागृहात खसखस पिकली. भावजयीचे कान लाल झाले.

साहेब मात्र हसले नाहीत. त्यांनी पेन मिटलं. "म्हणजे मुळातच गोंधळ आहे तर. मग त्या अठ्ठ्याऐंशीवर तरी मी कसा भरवसा ठेवू? पूर्ण शहरात लावायची म्हणजे तीन लाख घरं आहेत."

आता नीट ऐका, कारण सगळं इथे होतं. अठ्ठ्याऐंशीला बाईंच्या प्रश्नाने ओरखडाही येत नव्हता. शेजारी बोलले की दोन गटांमधलं अंतर बुजतं, वाढत नाही. गप्पा होऊनही जिथे एकीकडे सहा आणि दुसरीकडे अठ्ठ्याऐंशी राहिली, तिथे गप्पांनी काय बिघडवायचं? हे एक वाक्य. विद्यार्थ्यालाही सांगता आलं असतं, पण ज्याच्या पायाखालची जमीन सरकली आहे त्याला ते त्या क्षणी सुचत नाही. भावजय हातातले कागद उलटसुलट करत होती. सभागृहात ते वाक्य ठाऊक असलेलं आणि डोकं ठिकाणावर असलेलं माणूस एकच होतं. बाकीच्यांनी अहवाल वाचलेला नव्हता, आणि विभागप्रमुखांचा विषय व्यापार, त्यांना हे बारकावे कुठले. तेही बाईंकडेच बघत होते.

बोल, बाईंनी स्वतःला सांगितलं. आणि त्या तशाच बसून राहिल्या. समोर ती उभी होती, फ्रिजच्या दारावरची, 'तथापि'वाली, आणि पहिल्यांदाच तिला उत्तर येत नव्हतं. किती गोड वाटत होतं ते! इतकं गोड वाटावं याची बाईंना लाजही वाटत होती, पण गोडी लाजेपेक्षा जास्त होती.

"बाईंसारख्या माणसाने शंका काढली म्हणजे कुठेतरी पाणी मुरतंय," साहेब उठत म्हणाले. "तूर्त थांबू या. वर्षभराने बघू."

वर्षभराने म्हणजे कधीच नाही, हे सगळ्यांना कळलं.

दुपारभर बाई खोलीतून बाहेर पडल्या नाहीत. डबा उघडला नाही. जिंकलेल्या माणसाला भूक लागायला हवी ना? विभागप्रमुख डोकावून गेले, "फार नेमका प्रश्न होता, बाई. पोरीचं वाईट वाटलं, पण शास्त्र ते शास्त्र." शास्त्र! बाईंनी मान हलवली. तीन वाजता त्यांनी पर्समधला तो कागद काढला, चार तुकडे केले आणि केराच्या टोपलीत टाकले, आणि मग कुणी पाहिलं तर म्हणून तुकडे परत वेचून घेतले. ताकाला जाऊन भांडं लपवायची वेळ त्यांच्यावर कधी आली नव्हती.

साडेपाचला दारावर टकटक झाली. भावजय. सकाळपासून ती संगणकखोलीत होती. डोळे रडलेले असावेत, पण आता त्यांत वेगळंच काहीतरी होतं. हातात एकच कागद.

"ताई, हे बघा. आधी बघा, मग बोला." तिने कागद टेबलावर ठेवला. "आठ हजारांतली काही घरं सुटी आहेत. बंगले, रस्त्याच्या टोकाची घरं, ज्यांच्या आसपास दुसऱ्या कुणालाच पत्र गेलं नाही. दोन्ही गटांत तीनशे दहा-तीनशे दहा निघाली. त्यांना ताडून बघायला दुसरा कागदच नव्हता. अगदी तुमच्या खोक्यांत बसल्यासारखी! आता आकडे बघा."

बाईंनी चष्मा लावला. 'वाचतील' वाचलेल्या सुट्या घरांत शंभरात सहा. 'गमावता आहात' वाचलेल्यांत तेरा.

"दुपटीहून जास्त," भावजय म्हणाली. श्वास लागल्यासारखी बोलत होती ती. "इमारतींमध्ये फरक जवळजवळ शून्य, आणि सुट्या घरांत सात. बावीस नाही, पण सात! आता हे मागाहून शोधलेलं आहे, घरं थोडी आहेत, बंगल्यातली माणसं वेगळीही असतील. पुन्हा करून बघावं लागेल, मला कळतंय. पण ताई, तुमचं खरं आहे! माणूस एकटा वाचतो तिथे तुमचा प्रयोग बाजारातही टिकतो. मी चूक लिहिलं होतं. दूधबीध काही नाही, शेजारी आहे!"

बाई कागदाकडे बघत राहिल्या. पंधरा वर्षांत कुणी त्यांना इतकी मोठी गोष्ट आणून दिली नव्हती. आणि ती आणली कुणी? जिला सकाळी त्यांनी पंचवीस माणसांपुढे उघडं पाडलं, तिने.

"आणि मला काय वाटलं माहितीये?" भावजय खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून म्हणाली. आता आवाज जरा खाली आला होता. "हे दोन दिवस आधी कळलं असतं, तर मी आज हेच पहिलं मांडलं असतं. तुमचं नाव घेऊन. साहेबांना अठ्ठ्याऐंशीचंही नीट सांगता आलं असतं, मला नंतर जिन्यात सुचलं ते. जाऊ दे, सुचतं तेव्हाच सुचतं. तुम्हाला तरी काय, तिथेच सुचला ना?"

ती उत्तराची वाट बघत नव्हती खरं तर. असंच विचारलं होतं. नुसती मान डोलावली असती तरी ती कागद उचलून गेली असती. रात्री घरी आईला म्हणाली असती, ताईंमुळे केवढं सापडलं. आणि शनिवारी जेवायला सगळं पहिल्यासारखं.

"मंगळवारी," बाई म्हणाल्या.

भावजयीला आधी कळलंच नाही. "काय मंगळवारी?"

"सुचला मंगळवारी. यादीत लिहिला होता, बारावा. मी काढून टाकला."

भावजयीने खुर्चीवरचा हात काढला. तिच्या चेहऱ्यावर राग यायला हवा होता, बाई त्याची वाटच बघत होत्या. पण ती नुसती बघत राहिली, ओळखीच्या दारावर दुसऱ्याचं नाव दिसावं तशी.

"मी विचारलं होतं," ती शेवटी म्हणाली. "बुधवारी. आणखी काही आहे का म्हणून."

"हो."

"आणि सकाळी साहेब उठत होते, तेव्हा अठ्ठ्याऐंशीचं तुम्हाला ठाऊक होतं."

"होतं."

ती वळली. कागद टेबलावरच होता, तो तिने घेतला नाही. "तो तुमचा आहे," ती दाराकडे जात म्हणाली. "ठेवा."

"थांब," बाई म्हणाल्या. "जाऊ नकोस. ऐकून जा."

त्यांनी फोन उचलला आणि वीज कंपनीच्या साहेबांचा नंबर फिरवला. एकदा चुकला, पुन्हा फिरवला. भावजय दाराशीच उभी राहिली, एक हात कडीवर.

"साहेब, विभागातून बोलतेय. सकाळच्या प्रश्नाबद्दल. माझ्या प्रश्नाने तुमच्या अठ्ठ्याऐंशीला काहीही होत नाही. शेजारी बोलले तर गटांतलं अंतर कमी होतं, वाढत नाही. तो आकडा पक्का आहे आणि संध्याकाळचा वापर उतरला तोही पक्का आहे. योजना थांबवायचं कारण माझ्या प्रश्नात नाही. हे मी लेखी देते, माझ्या सहीने."

पलीकडून साहेबांचा आवाज इतका मोठा आला की दारापर्यंत ऐकू गेला. "अहो बाई, मग हे सकाळीच का नाही सांगितलंत? मी उठत होतो, तुम्ही समोर बसला होतात!"

बाईंनी आयुष्यभर मांडणीचाच अभ्यास केला होता. हेच कसं सांगितलं म्हणजे कमी बोचेल, याच्या दहा तऱ्हा त्यांच्या जिभेवर तयार होत्या. गडबडीत राहून गेलं. वेळ झाली नाही. तुमचा गैरसमज होईल असं वाटलं नाही. दाराशी ती उभी होती आणि बघत होती.

"जळत होते म्हणून," बाई म्हणाल्या. "तिच्यावर."

साहेब एवढंच म्हणाले, "लेखी पाठवा. सोमवारी बघतो."

बाईंनी फोन ठेवला. कडीवरचा हात अजून कडीवरच होता. भावजय आत आली नाही आणि बाहेरही गेली नाही.